कावीळ कोणत्या फोल्डरात?

मेडिकलच्या मुलांच्या टॅबलेटमध्ये हल्ली काय नसतं? पाच वर्षांच्या नोट्स, सिनियरांचे फोल्डर, प्राध्यापकांच्या स्लाइड्स, फळ्याचे फोटो. सगळं असतं. हवं ते पान तेवढं वेळेवर हाती लागत नाही.

जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की बरगी लागतं. नर्मदेवरचं धरण, मागे पसरलेला जलाशय आणि कधी असणारं, कधी नसणारं नेट. परीक्षेआधी घरी आलेली एमबीबीएसची मुलगी इथे बसून कावीळ वाचायला घेते. टॅबलेटमध्ये `jaundice` टाइप करते. दोन पानं येतात.

कावीळ ती दोनच पानांत शिकली होती का?

अजिबात नाही. पहिल्या वर्षी जीवरसायनशास्त्रात हीम तुटून बिलिरुबिन कसं तयार होतं, ते तिने लिहिलं. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्रात काविळीचे प्रकार लिहिले. पुढे मेडिसिनमध्ये यकृताचे आजार आले, सर्जरीत पित्तनलिकेतला खडा आला, बालरोगात नवजात बाळाची कावीळ आली. विषय पाच, वह्या पाच आणि प्रत्येक वहीत आजाराचं नाव वेगळं.

एका पानावर `icterus`. दुसऱ्यावर `hyperbilirubinemia`. तिसऱ्यावर घाईत काढलेला वर जाणारा बाण आणि पुढे `bili`. चौथ्यावर प्राध्यापक हिंदीत बोलले म्हणून ‘पीलिया’. पाचव्यावर, घरी मराठी बोलतात म्हणून, ‘कावीळ’. शोध अक्षरांवर चालतो, अर्थावर नाही. हे पाच शब्द म्हणजे एकच आजार, हे फक्त त्या मुलीला ठाऊक आहे.

तिने टॅबलेटला ते कधी सांगितलंच नाही.

इथे बहुतेक जण ॲप बदलतात. अमुक ॲप हस्ताक्षर चांगलं वाचतं, तमुक त्याहून चांगलं वाचतं, असं ऐकायला मिळतं. वाचत असेलही. पण मुळात ते वाचतं कसं, हे कोणी विचारतं का?

तुम्ही काचेवर पेन टेकवता तेव्हा ॲपकडे नुसतं चित्र जात नाही. रेघ कुठे सुरू झाली, कोणत्या दिशेने गेली, पेन कधी उचललं, हा सगळा क्रम नोंदला जातो. त्या क्रमावरून अक्षर ओळखणं बरंच सोपं असतं. म्हणून ॲपच्या आत शोधलं की तुमचं वाकडंतिकडं अक्षरही बऱ्यापैकी सापडतं.

त्याच पानाची पीडीएफ करून ग्रुपवर टाका. आता क्रम गेला, चित्र उरलं. काही ॲप्स ओळखलेला मजकूर पीडीएफच्या पोटात ठेवतात, काही ठेवत नाहीत. निर्यात करताना कोणता पर्याय निवडला, यावरही ते ठरतं. तुमच्या टॅबलेटवर सापडणारं पान मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मुकं होतं ते असं.

मग दोष कोणाचा हे शोधत बसायचं का? एक मिनिटाची चाचणी आहे. पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडा, `Ctrl+F` दाबा आणि त्या पानावर तुम्ही हाताने लिहिलेला एखादा शब्द शोधा. सापडला तर मजकूर आत आहे. सापडला नाही तर तुम्ही ग्रंथालय उभारत नाही, फोटो साठवत आहात.

जबलपूरच्या मुलांची अडचण आणखी एका जागी आहे. मध्य प्रदेश सरकारने 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आणली: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. वर्गात हिंदी, पुस्तकात बऱ्याचदा इंग्रजी आणि मराठी घरातून आलेल्या मुलांच्या समासात मराठी. पान एक, भाषा तीन, लिप्या दोन.

हस्ताक्षर ओळखणाऱ्या ॲप्सना सहसा आधी भाषा सांगावी लागते. इंग्रजी निवडली की समासातल्या ‘पीलिया’चं ॲप काहीतरी भलतंच इंग्रजी करून ठेवतं. हाताने लिहिलेली देवनागरी तर बऱ्याच ॲप्सना वाचताच येत नाही.

म्हणून नोट्स इंग्रजीतच काढाव्यात का?

मुळीच नाही. ज्या भाषेत समजतं त्याच भाषेत लिहावं, यावर तडजोड नको. शोधण्यासाठी मात्र वेगळी सोय करावी लागते आणि ती दोन मिनिटांची आहे. प्रत्येक नोटच्या पहिल्या पानावर, वरच्या बाजूला, पेनाने नव्हे तर ॲपमधल्या मजकुराच्या साधनाने दोन-तीन ओळी टाइप करा.

```
jaundice icterus hyperbilirubinemia bilirubin
piliya kavil | पीलिया कावीळ
PA25.1 IM5.1 BI6.11 | 2024-11-06
```

एवढंच. खाली हस्ताक्षर कितीही वाईट असू दे, या ओळी टाइप केलेल्या आहेत. त्या वाचायला यंत्राला अंदाज बांधावा लागत नाही.

`piliya` आणि `kavil` रोमन अक्षरांत का, असं कोणी विचारेल. देवनागरी मजकूर पीडीएफमध्ये गेला की कित्येकदा जोडाक्षरं आणि मात्रा विस्कटतात. डोळ्यांना अक्षर नीट दिसतं, पण आत साठवलेला क्रम वेगळाच असतो. मग ‘पीलिया’ शोधलं की काही येत नाही आणि माणूस समजतो, नोटच नाही.

आता त्या कोडांकडे वळू. इथे आपल्या मुलांच्या हाती एक आयती गोष्ट आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

2019च्या तुकडीपासून देशभर क्षमताधारित वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात शिकायच्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे. बिलिरुबिनचा चयापचय आणि काविळीची कारणं विकृतिशास्त्रात `PA25.1`. बिलिरुबिन वाढण्यामागचं शरीरक्रियेचं आणि रसायनाचं कारण मेडिसिनमध्ये `IM5.1`. हीमचं काम आणि त्याचा चयापचय जीवरसायनात `BI6.11`. हे क्रमांक लॉगबुकात येतात, वेळापत्रकात येतात, विभागाच्या फलकावर लागतात.

मुलांच्या फोल्डरांच्या नावांत मात्र येतात ‘न्यू’, ‘फायनल’, ‘फायनल टू’ आणि ‘इम्पॉर्टंट’.

परीक्षेच्या आदल्या रात्री यातलं इम्पॉर्टंट कोणतं?

या क्रमांकांचा फायदा काय? जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालच्या कॉलेजातली विद्यार्थिनी यांचे प्राध्यापक वेगळे, पुस्तकं वेगळी, भाषाही वेगळी. `PA25.1` दोघांचा सारखाच. नागपूरच्या मावसबहिणीने पाठवलेली नोट बरगीत बसून शोधली, तरी ती याच क्रमांकाखाली सापडते. अभ्यासक्रमात नंतर सुधारणा झाल्या आहेत आणि क्रमांक बदलू शकतात. म्हणून नोटवर तारीख टाका, म्हणजे कोणत्या आराखड्यातला क्रमांक आहे ते कळेल.

क्रमांक पूर्ण लिहा, नुसती दोन अक्षरं नकोत. अभ्यासक्रमात `PE` म्हणजे बालरोग. वॉर्डात तेच `PE` म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, कोणी फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यालाही तेच म्हणतं आणि तपासणीच्या कागदावर `PE` म्हणजे शारीरिक तपासणी. `MI` अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्र, छातीच्या दुखण्यात हृदयविकाराचा झटका. `PE` शोधून अख्खं बालरोग समोर आलं, तर दोष शोधयंत्राचा नाही. संक्षेप लिहा, पण वरच्या टाइप केलेल्या ओळीत त्याचं पूर्ण नाव एकदा तरी येऊ द्या.

हा प्रश्न आजच्या टॅबलेटने आणलेला नाही. एकाच आजारावरचे लेख दहा वेगवेगळ्या नावांखाली विखुरतात, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1960मध्ये विषयशीर्षकांची ठरावीक यादी छापली. तिलाच `MeSH` म्हणतात. एका संकल्पनेला एक मुख्य नाव आणि इतर नावं त्याच नोंदीखाली. पबमेडवर तुम्ही बोलीतला शब्द टाकला तरी बरेचदा योग्य लेख येतात, त्यामागे ही यादी आहे. ती मोफत बघता येते. स्पेलिंग कोणतं धरायचं, मुख्य नाव कोणतं ठेवायचं, हा वाद मित्रांत रंगवण्यापेक्षा तिथे बघून घ्या.

फाइलचं नाव नोटच्या वर टाइप केलेल्या त्याच ओळींतून उचला: `PA25.1_jaundice_2024-11-06.pdf`. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की नावानुसार लावलेल्या एकाच विषयाच्या फायली आपोआप तारखेनुसारही लागतात. `6-11-24` लिहिलं तर सहा नोव्हेंबर आणि सहा डिसेंबर शेजारी बसतात आणि सात नोव्हेंबर भलतीकडे जातो.

एक फाइल, एक विषय. दीडशे पानांची ‘संपूर्ण मेडिसिन’ नावाची पीडीएफ बघायला रुबाबदार असते, शोधायला निरुपयोगी. गूगल ड्राइव्हच्या मदतपानांवर शोधाची मर्यादा दिलेली आहे: मजकूर असलेल्या पीडीएफची पहिली शंभर पानं, नुसत्या चित्रांच्या पीडीएफची पहिली दहा. चित्रांच्या पीडीएफमध्ये कावीळ अकराव्या पानावर असेल तर?

ड्राइव्हच्या लेखी ती नाहीच.

झोटेरो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं तर तिथेही सुरुवातीला मर्यादा शंभर पानांचीच असते. पण ती सेटिंगमध्ये वाढवता येते, नोटला खुणेचे शब्द लावता येतात आणि शोध नेटशिवाय चालतो. जलाशयाकाठी राहणाऱ्या मुलीला यापेक्षा वेगळं काय हवं? नेट गेलं म्हणून अभ्यास थांबायचं कारण उरत नाही. एक लक्षात ठेवा. झोटेरो चित्रातली अक्षरं स्वतःहून वाचत नाही. मजकूर आधी आत असावा लागतो.

छापील हँडआउट स्कॅन केलेलं असेल तर तो मजकूर आत घालता येतो. लॅपटॉपवर `ocrmypdf` आणि त्याच्या भाषाफायली बसवल्या की एक ओळ पुरते:

```
ocrmypdf --skip-text -l eng+hin handout.pdf handout_ocr.pdf
```

इंग्रजी आणि हिंदी दोन्ही छापील अक्षरं वाचली जातात. ज्या पानांवर आधीच मजकूर आहे ती तशीच सोडली जातात. पान दिसायला होतं तसंच राहतं, मजकूर मागे अदृश्य बसतो. मात्र हे छापील अक्षरांसाठी आहे. यामागचं टेसरॅक्ट नावाचं इंजिन हस्ताक्षरासाठी घडवलेलं नाही. घाईत लिहिलेल्या वॉर्डच्या नोट्सवर ते चालवलं तर कचरा मिळतो आणि हा कचरा वाईट असतो, कारण पुढे प्रत्येक शोधात तो मध्ये येतो.

आता शेअर केलेल्या फोल्डरांकडे. प्रत्येक तुकडीकडे असा एक फोल्डर असतो. सिनियरांनी दिलेला, त्यांना त्यांच्या सिनियरांनी दिलेला. मुलं त्याला ‘आपला’ म्हणतात.

आपला? मालकाच्या रकान्यात नाव कोणाचं आहे ते बघितलंत का?

ड्राइव्हवर ‘माझ्यासोबत शेअर केलेलं’ दिसतं ते तुमच्याकडे नसतं. ते दुसऱ्याच्या खात्यात असतं, तुम्हाला फक्त बघायची परवानगी असते. ‘शॉर्टकट जोडा’ म्हटलं की फाइल तुमच्याकडे येत नाही, तिच्याकडे दाखवणारा बाण येतो. मालकाने फाइल कचऱ्यात टाकली की तीस दिवसांनी ती कायमची जाते आणि तुमचा बाण रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतो.

मालक तसं का करेल? साधं कारण आहे. मोफत खात्यात पंधरा जीबी जागा मिळते आणि ती मेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांत वाटलेली असते. इंटर्नशिप संपली, पीजीची तयारी सुरू झाली, खातं भरलं, मेल येईना. सगळ्यात जड काय आहे ते तो बघतो. त्याच्या दृष्टीने पहिल्या वर्षाची शरीररचना आता ओझं असते. दोन टिचक्या आणि तीन तुकड्यांचा अभ्यास साफ.

फोल्डर संस्थेच्या मेलवरून बनवलेला असेल तर तेवढंही लागत नाही. कॉलेज सुटल्यावर ते खातं बंद झालं की प्रश्न संपला.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे. ज्या फायली खरोखर वापरता त्या उतरवून घ्या, वरच्या पद्धतीने नाव द्या, स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. टॅबलेटच्या ॲपला रोज आपोआप प्रत काढायला सांगत असाल, तर ती प्रत ॲपच्या स्वतःच्या स्वरूपात जाते की पीडीएफमध्ये, ते तपासा. सॅमसंग नोट्सची `.sdocx` फाइल दुसऱ्या कंपनीच्या टॅबलेटवर तशीच उघडेल असं धरून चालू नका. पुढे लिहायचं असेल तर मूळ स्वरूप हवं, पुढे वाचायचं असेल तर पीडीएफ हवी. जागा असेल तर दोन्ही ठेवा.

सगळं उतरवू नका. चारशे फायलींच्या फोल्डरात एकच पीडीएफ तीन-तीन नावांनी पडलेली असते. अक्षरशः सारख्या प्रती ओळखणारी साधनं आहेत, `fdupes` हे त्यातलं एक. पण कोणीतरी पिवळी रेघ मारून परत टाकलेली फाइल त्याला वेगळीच वाटते. तिथे डोळेच लागतात. आणि पाठ्यपुस्तकांच्या स्कॅन प्रती? त्या ग्रंथालयात भरून पुढच्या तुकडीला वाटायचा हक्क तुम्हाला कोणी दिलेला नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक आहे. नोटमध्ये आवृत्ती आणि पान क्रमांक लिहा, काम भागतं.

जुन्या नोट्सचं काय? पाच वर्षांचा ढीग एका रविवारी लावायला बसणारे दुपारी उठतात आणि परत फिरकत नाहीत. जुनं हात लागेल तेव्हा लावा. आज कावीळ वाचताय तर काविळीची पाच पानं उघडा, पाचांवर त्या ओळी टाइप करा, नावं बदला, झालं. उद्या रक्तक्षय. अशाने जे पुन्हा पुन्हा वाचलं जातं तेच आधी लागतं. जे दोन वर्षांत एकदाही उघडलं नाही, ते लावून करायचंय काय?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. या फोल्डरांत ‘केसेस’ नावाचा एक उपफोल्डर असतो. त्यात वॉर्डातल्या रुग्णांच्या नोंदी, एक्स-रेचे फोटो, सोनोग्राफीचे कागद. कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय, गाव आणि नोंदणी क्रमांक. फोल्डरवर परवानगी कोणती? ‘लिंक असलेल्या कोणालाही.’

बरगीच्या आसपासच्या खेड्यातून जबलपूरच्या वॉर्डात आलेल्या बाईने तिचं पोट तपासू दिलं. तिचा कागद तीन तुकड्यांत फिरवायला कधी होकार दिला? 2023मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यासाठी कायदा कशाला हवा होता?

‘आम्ही नावावर काळी पट्टी मारतो,’ असं मुलं सांगतात. मारलेली असते, मी पाहिली आहे. पण पीडीएफमध्ये पट्टी वर बसते आणि खालचा मजकूर जिथल्या तिथे राहतो. टॅबलेटच्या ॲपमध्ये पेनाने गिरवून झाकलं तरी खालच्या रेघा फाइलमध्ये असतात आणि ॲपने त्यावरून नाव आधीच ओळखून ठेवलेलं असू शकतं. फोनवर काढलेल्या फोटोत तर जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात.

नाव झाकायचं नसतं, खोडायचं असतं. खरं तर मुळात लिहायचंच नसतं. ‘42 वर्षांची स्त्री, तीन आठवडे वाढणारी कावीळ, खाज, पांढुरकी शौच’ एवढ्यावर पित्तमार्गातला अडथळा शिकता येतो. तिचं नाव कळल्याने निदान सुधारत नाही. फोटो हवाच असेल तर कोपरा कापून त्या कापलेल्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच ठेवा, मूळ फोटो पुसून टाका.

ग्रंथालय नीट लागल्याची चाचणी `jaundice` शोधून घ्या. ते शोधून झालं की त्याच शोधाच्या चौकटीत गेल्या महिन्यात तुम्ही लिहिलेल्या केसमधल्या रुग्णाचं आडनाव टाका. सापडलं, तर ती फाइल आजच्या आज शेअर फोल्डरातून काढा आणि ज्यांनी उतरवून घेतली असेल त्यांना फोन करून पुसायला सांगा.